ऑफर कंडिशनल, घर आजोबांच्या नावावर आणि पौंड एकशेवीसवर

प्रश्न: माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंग्लंडमध्ये, लंडनबाहेरच्या एका विद्यापीठाने तिला एका वर्षाच्या एमएससीसाठी कंडिशनल ऑफर दिली आहे. अंतिम निकालात साठ टक्के हवेत. फी २७,००० पौंड. निकाल जुलैत लागेल आणि कोर्स २०२६ च्या सप्टेंबरात सुरू होतो. विद्यापीठ म्हणतं, जूनअखेर ४,००० पौंड डिपॉझिट भरा. बँक म्हणते, ऑफर अनकंडिशनल झाल्याशिवाय कर्जाचं पत्र मिळणार नाही. सांगलीत आमचं घर आहे, ते अजून माझ्या दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. मला दोन बहिणी आहेत. शिवाय गावी दीड एकर बागायत आहे. मी गेल्या वर्षी हिशेब केला तेव्हा पौंड १०५ रुपयांच्या आसपास होता, आता १२० म्हणतात. कर्ज किती मागावं, तारण काय द्यावं आणि आधी काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर: नमस्कार. घराचा उल्लेख तुम्ही एका वाक्यात उरकला आहे, पण या सगळ्यात सर्वांत जास्त दिवस घर खाणार आहे. म्हणून सुरुवात तिथून करतो आणि पौंडाकडे नंतर येतो.

शिक्षण कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. तारण म्हणजे जिची मालकी कागदावर स्वच्छ आहे आणि कर्ज थकलं तर जी विकता येईल अशी मिळकत. तुमच्या घराची मिळकत पत्रिका वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे बँकेच्या लेखी त्या घराला आज गहाण ठेवून देणारा मालकच नाही. आधी वारस नोंद व्हायला हवी. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि मिळकत पत्रिकेचा उतारा घेऊन नगर भूमापन कार्यालयात अर्ज करा. अर्जानंतर नोटीस निघते, हरकतींची मुदत जाते, मगच नोंद प्रमाणित होते. कोणी हरकत घेतली नाही तरी यात महिना-दीड महिना जातो. जुलैत निकाल लागल्यावर हे काम हाती घेतलंत तर सप्टेंबर हातचा गेलाच. म्हणून हा अर्ज याच आठवड्यात द्या. त्याचा ऑफरशी काही संबंध नाही आणि मुलगी गेली नाही तरी हे काम कधीतरी करायचंच होतं.

नोंद झाली की पत्रिकेवर तुमच्यासोबत दोन्ही बहिणींची नावं येतील, आणि आई हयात असतील तर त्यांचंही. इथे शाखेतून किंवा वकिलाकडून एक सल्ला हमखास मिळेल, की बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घ्या म्हणजे काम सोपं होईल. वडिलोपार्जित मिळकतीत मोबदला न घेता जवळच्या नात्यात केलेल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, आणि बँकेलाही एकच सही पुरते. तरीही केवळ या कर्जासाठी तो दस्त करू नका, असं मी ठामपणे सांगेन. हक्कसोडपत्र नोंदलं की बहिणींचा हिस्सा कायमचा जातो, कर्ज फिटलं म्हणून तो परत येत नाही. भाचीच्या शिक्षणासाठी आत्या नाही म्हणणार नाहीत हे खरं, आणि म्हणूनच त्यांच्याकडे काय मागायचं हे तुम्ही जपून ठरवायला हवं. दुसरा मार्ग सरळ आहे. त्या आपला हिस्सा न सोडता सहमालक म्हणून गहाणात सामील होतात आणि बँकेकडे जामीनदार म्हणून सह्या करतात. कर्ज फिटलं की गहाण सुटतं आणि हिस्सा जागेवर राहतो. त्यासाठी दोघींची केवायसी लागेल, सिबिल पाहिलं जाईल आणि एक दिवस त्यांना शाखेत यावं लागेल. सही करण्याआधी त्यांना हेही स्पष्ट सांगा, की हप्ते थकले तर बँक या घरावर येऊ शकते आणि जामीनदार म्हणून त्यांनाही नोटीस जाऊ शकते. हे त्यांना तुमच्याकडून कळावं, बँकेच्या कागदावरून नव्हे.

बागायतीचा विचार सोडून द्या. जमीन कितीही चांगली असली तरी थकीत कर्जासाठी कोर्टाबाहेर तारण विकण्याचा बँकेचा जो अधिकार आहे, त्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे शिक्षण कर्जाला बँका सातबारा सहसा घेत नाहीत. सातबाऱ्याचा उपयोग उत्पन्नाचा पुरावा म्हणून होईल, तारण म्हणून नाही. घराची किंमत थोडी कमी पडली तर मुदत ठेव किंवा सरेंडर व्हॅल्यू जमा झालेली एलआयसी पॉलिसी सोबत तारण देता येते. ही दोन्ही तारणं बँकेला आवडतात, कारण त्यांची किंमत कोणाला विचारावी लागत नाही.

घराची किंमत मात्र बँकेच्या पॅनेलवरचा मूल्यांकक ठरवतो, आणि त्याच्या अहवालात एकापेक्षा जास्त आकडे असतात. बाजारभाव एक, खरेदीदार शोधून रीतसर विकलं तर हाती येईल ती किंमत दुसरी आणि घाईने विकावं लागलं तर मिळेल ती तिसरी. बाजारभाव पाहून आपण खूश होतो, पण बऱ्याच बँका दुसऱ्या आकड्यावर चालतात. आणखी एक जागा नीट तपासा. घरावर वरचा मजला नंतर चढवला असेल आणि महापालिकेच्या मंजूर नकाशात तो नसेल, तर मूल्यांकक तो धरणार नाही. मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या आणि मूळ खरेदीखत आत्ताच शोधून एका फाइलला लावा. बँकेचा वकील मालकीच्या कागदांचा साधारण तीस वर्षांचा शोध घेतो. मधला एखादा दस्त हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत काढावी लागते, आणि त्यातही दिवस जातात. मात्र मूळ खरेदीखतच सापडत नसेल तर ते आधीच सांगून टाका. वकिलाच्या अहवालात ही बाब उघड होतेच, आणि तेव्हा महिना आधीच गेलेला असतो.

आता बँकेच्या उत्तराकडे. “अनकंडिशनल झाल्याशिवाय पत्र नाही” हे वाक्य अर्धं बरोबर आहे. कंडिशनल ऑफरवर बँक पैसे सोडणार नाही आणि अंतिम मंजुरीचं पत्रही बहुधा देणार नाही. पण फाइल घेणं, तुमचं आणि मुलीचं सिबिल पाहणं, तुमचे आयकर विवरणपत्र आणि बँक स्टेटमेंट तपासणं, वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन करून घेणं, हे सगळं कंडिशनल ऑफरवर होतं. त्यावर तत्त्वतः मंजुरीही मिळू शकते. म्हणून शाखेत जाऊन “कर्ज मिळेल का” असं विचारू नका. “ऑफर कंडिशनल आहे हे धरून फाइल दाखल करून घ्या आणि लीगल व व्हॅल्युएशन सुरू करा” असं म्हणा, तेही अर्जात लिहून. लहान शाखेत परदेशी शिक्षणाच्या फाइली क्वचित येतात आणि साहेब जबाबदारी नको म्हणून सरळ नाही म्हणतात. अशा वेळी त्याच बँकेचं जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ठिकाणी किरकोळ कर्जाचं केंद्र असतं, तिथे जा. शिक्षण कर्जासाठीच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज केला तर तो नोंदला जातो आणि त्याचं पुढे काय झालं ते दिसतं, हाही एक फायदा आहे.

या टप्प्यावर बँक मागेल ते कागद असे: दहावी, बारावी आणि आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, ऑफर लेटर आणि विद्यापीठाच्या लेटरहेडवरचं किंवा संकेतस्थळावरून घेतलेलं फीचं विवरण, त्यात राहण्याच्या खर्चाच्या अंदाजासह. मुलीचे आतापर्यंतचे गुण साठच्या बरेच वर असतील तर ते पुढे करा, त्यावरून अट पूर्ण होईल की नाही याचा अंदाज मॅनेजरलाही येतो. खर्चाचा धोका इतकाच, की वकिलाची आणि मूल्यांककाची फी आत्ता भरावी लागेल आणि निकाल फसला तर ती परत मिळणार नाही. काही हजारांचा प्रश्न आहे, तो धोका घ्यावा. गहाणखताचं मुद्रांक शुल्क मात्र जास्त असतं. ते काम निकाल लागेपर्यंत थांबवता येतं आणि थांबवावं.

डिपॉझिटची तारीख निकालाच्या आधी आहे, त्यामुळे ते कर्जातून येणार नाही असं धरून चला. पण भरण्याआधी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ईमेल करून दोन गोष्टी लेखी घ्या. साठ टक्क्यांची अट पूर्ण झाली नाही किंवा व्हिसा नाकारला गेला तर डिपॉझिट परत मिळेल का आणि त्यातून किती कापलं जाईल, ही पहिली. निकालाची अपेक्षित तारीख कळवल्यास मुदत वाढवून मिळेल का, ही दुसरी. अशी मुदतवाढ पुष्कळदा मिळते, फक्त मागावी लागते. पैसे स्वतःच्या बचतीतून आणि थेट विद्यापीठाच्या खात्यावर किंवा त्यांनी अधिकृतपणे सांगितलेल्या भरणा व्यवस्थेतून पाठवा, एजंटच्या खात्यावर नाही. एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत स्वतःचे पैसे बाहेर पाठवताना बँक जागीच कापून घेते तो कर, म्हणजे टीसीएस, लागत नाही, आणि १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शिक्षण कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो अजिबात लागत नाही. तेव्हा करासाठी वेगळी तजवीज नको. पावती आणि बँकेचा स्विफ्ट संदेश जपून ठेवा. ही रक्कम पुढे तुमचा स्वहिस्सा, म्हणजे खर्चातला तुम्ही स्वतः भरायचा वाटा, म्हणून दाखवायची आहे.

पौंडाचा प्रश्न आणि बँकेचं पत्र इथे एकत्र येतात, आणि मुलीचा व्हिसा अडकू शकतो तो नेमका इथेच. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

अनकंडिशनल ऑफर मिळाल्यावर विद्यापीठ ‘कॅस’, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा दाखला, देतं आणि त्यावर व्हिसाचा अर्ज होतो. अर्जात पैसे दाखवावे लागतात: पहिल्या वर्षाची न भरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च. लंडनबाहेर हा खर्च नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला १,१७१ पौंड धरला जातो, म्हणजे नऊ महिन्यांचे १०,५३९. तुमचं ४,००० डिपॉझिट कॅसवर नोंदलेलं असेल तर फीचे उरतात २३,०००. एकूण ३३,५३९ पौंड. ही रक्कम शिक्षण कर्जाच्या पत्राने दाखवता येते. मग पैसे खात्यात अठ्ठावीस दिवस ठेवण्याची अट लागत नाही, हा कर्जाचा मोठा फायदा आहे. पण त्या पत्राच्या अटी कडक आहेत. पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं हवं. कर्ज विद्यार्थिनीच्या नावाने, तिच्या शिक्षणासाठी आहे हे त्यात स्पष्ट हवं. पैसे प्रवासाआधी उपलब्ध होतील किंवा फी थेट विद्यापीठाला जाईल असं म्हटलेलं हवं. आणि मुख्य म्हणजे, व्हिसा मिळणं सोडून पैसे सोडायला दुसरी कोणतीही अट नको.

आता आपल्या बँकेचं नेहमीचं मंजुरीपत्र डोळ्यांसमोर आणा. त्यात हमखास लिहिलेलं असतं, की वितरण गहाणखत पूर्ण झाल्यावर, वकिलाच्या समाधानकारक अहवालानंतर, विम्यानंतर, स्वहिस्सा भरल्यानंतर होईल. बँकेच्या दृष्टीने ही नित्याची वाक्यं आहेत. व्हिसा तपासणाऱ्याच्या दृष्टीने ते अटींवर टांगलेलं कर्ज आहे. त्यामुळे निकालानंतरचा क्रम असा ठेवा: आधी गहाण पूर्ण करा, मग बँकेकडून व्हिसासाठी वेगळं पत्र घ्या, मग व्हिसाचा अर्ज. त्या पत्रात सर्व औपचारिकता पूर्ण झाल्या आहेत, रक्कम इतकी आहे आणि व्हिसा मिळताच ती वितरित होईल, एवढंच असावं. मसुदा तुम्हीच तयार करून न्या, तो बदलून द्यायला बँका तयार होतात. दस्त जमा करून केलेल्या गहाणाची नोटीस महाराष्ट्रात तीस दिवसांत दाखल करावी लागते आणि गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सेरसाईवरही, नोंद होते. ही कामं सहसा बँक करून घेते, खर्च तुमच्याकडून घेते. त्यासाठी पत्र अडवून ठेवू नका, अशी विनंती आधीच करून ठेवा.

मंजुरी रुपयांत असते, गरज पौंडात. व्हिसा अधिकारी रुपयांचे पौंड करताना ओआंडा या संकेतस्थळावरचा, अर्जाच्या दिवशीचा दर धरतात. तुमच्या घरी गेल्या वर्षी मांडलेला १०५ चा हिशेब तसाच पुढे नेला असता तर काय झालं असतं ते पाहा. मुलीचा एकूण खर्च धरू: फी २७,०००, बारा महिन्यांचं राहणं-खाणं साधारण १२,०००, आरोग्य अधिभार १,१६४, व्हिसाची फी पाचशेच्या पुढे आणि विमानाचं तिकीट. सगळे मिळून अंदाजे ४१,००० पौंड. १०५ च्या दराने ४३ लाख. परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के स्वहिस्सा धरला तर कर्ज साडेछत्तीस लाख. कागदावर सगळं जुळलेलं. पण १२० च्या दराने त्या साडेछत्तीस लाखांचे जेमतेम साडेतीस हजार पौंड होतात, आणि लागतात ३३,५३९. म्हणजे तीन हजार पौंडांचं, साडेतीन लाखांहून जास्तीचं भगदाड. ते स्वतःच्या पैशांनी भरायचं म्हटलं तर ते पैसे मुलीच्या किंवा तुमच्या खात्यात सलग अठ्ठावीस दिवस असावे लागतात, आणि ऑगस्टात अठ्ठावीस दिवस मोकळे मिळत नाहीत.

म्हणून मागणी आजच्या दराने आणि वर थोडी मोकळीक ठेवून करा. १२० च्या दराने ४१,००० पौंड म्हणजे ४९ लाख २० हजार. डिपॉझिट भरून झाल्यावर ३७,००० पौंड उघडे राहतात. पौंड दहा टक्क्यांनी, म्हणजे बारा रुपयांनी चढला तर त्यावर आणखी ४ लाख ४४ हजार लागतील. दहा टक्के ही भीती घालायला सांगितलेली संख्या नाही. २०२५ च्या जानेवारीत पौंड १०६ च्या आसपास होता आणि वर्षअखेरीस १२० च्या. त्या वर्षात डॉलरसमोर रुपया घसरला आणि पौंड चढला, त्यामुळे आपल्याला दोन्हींचा मार एकदम बसला. डॉलरची बातमी पाहून पौंडाचा अंदाज बांधता येत नाही, तो याचमुळे.

तेव्हा एकूण खर्च ५४ लाख धरा, स्वहिस्सा आठ लाखांच्या आसपास आणि कर्जाची मागणी ४६ लाख. स्वहिस्स्यातले ४ लाख ८० हजार डिपॉझिटच्या रूपाने आधीच गेले असतील. व्हिसाची फी आणि आरोग्य अधिभार मिळून आणखी दोन लाख होतात, ते स्वहिस्स्यात धरतील का हे बँकेला विचारा. शिष्यवृत्ती मिळाली तर तीही स्वहिस्स्यात धरली जाते. मोकळीक बँक स्वतःहून देत नाही, ती मागावी लागते. अंदाजपत्रकात राहण्याचा खर्च नऊ नव्हे, बारा महिन्यांचा लिहा, लॅपटॉप, विमा आणि तिकीट घाला आणि दर गुगलचा नव्हे, बँकेचा विक्री दर लावा. व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं, म्हणून जास्त मंजुरीचं ओझं होत नाही. उलट कमी मंजुरी जानेवारीत वाढवून घ्यायची झाली तर नवा प्रस्ताव आणि कदाचित नवं मूल्यांकनही लागतं, आणि मुलगी तिकडे दुसऱ्या हप्त्याच्या तारखेवर अडकलेली असते. बँक मोकळीक मान्यच करत नसेल तर कर्ज ४१ लाख ८० हजारांवर येईल. १२० ला ते व्हिसासाठी पुरतं, पण १२५ ला ३३,५३९ पौंडांचे ४१ लाख ९२ हजार होतात आणि ते बारा हजारांनी तोकडं पडतं. त्या स्थितीत चार-साडेचार लाखांची ठेव जूनमध्येच एका खात्यात लावून ठेवा आणि तिला हात लावू नका.

दराचा अंदाज बांधत बसू नका, पैसे कधी जाणार ते ठरवा. बऱ्याच ब्रिटिश विद्यापीठांत फी दोन-तीन हप्त्यांत भरता येते, पहिला नोंदणीच्या वेळी, पुढचा साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे तुमचा धोका आपोआप तीन-चार तारखांवर विभागला जातो. पौंड उतरेल म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबणारे पालक मी पुष्कळ पाहतो, आणि त्यात कमावण्यापेक्षा विलंब शुल्क भरण्याचीच वेळ जास्त येते. पूर्ण फी एकदम भरल्यास विद्यापीठ सूट देत असेल तर ती सूट आणि त्या पाच महिन्यांचं कर्जाचं व्याज यांची तुलना करा. साडेनऊ टक्क्यांनी पाच महिन्यांचं व्याज चार टक्के होतं. पुढे भरायच्या अर्ध्या फीवर त्याहून जास्त सूट मिळत असेल तर आधी भरणं फायद्याचं, आणि तेवढ्या पौंडांचा दराचा धोकाही संपतो.

बँकेचा दर मात्र घासाघीस करण्यासारखा असतो आणि फार थोडे लोक ती करतात. काउंटरवर लागतो तो कार्ड रेट, बाजारदराच्या वर. पौंडामागे दीड रुपयाचा फरक धरला तरी २७,००० पौंडांवर चाळीस हजार जातात. मोठी रक्कम पाठवताना शाखेला सांगा, की ट्रेझरीकडून या व्यवहारापुरता दर मागवा. कर्ज त्यांचंच असल्याने त्यांना ते जमतं. पण हे वितरणाच्या दोन-तीन दिवस आधी बोलायचं, पैसे परदेशी पाठवण्याचा फॉर्म ए-टू भरून झाल्यावर नाही.

राहिली परतफेड, आणि तिथे चलनाची बाजू उलटी आहे. कर्ज रुपयांत आहे. मुलीला तिकडे नोकरी लागली तर रुपया घसरल्याचा तिला फायदा होईल. परत आली तर कर्ज रुपयांत, पगारही रुपयांत, म्हणजे चलनाचा धोका नाही पण हप्ता जड. आकडे सांगतो. ४६ लाख टप्प्याटप्प्याने उचलले, दर साडेनऊ टक्के धरला, एक वर्ष कोर्स आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता न भरण्याच्या सवलतीचं, तर तोवर सरळ व्याज सात लाखांच्या वर साचेल आणि ते मुद्दलात मिळवलं जाईल. ५३ लाखांचा दहा वर्षांचा हप्ता साधारण ६८,६००. पंधरा वर्षांचा ५५,३००. १२० च्या दराने दहा वर्षांचा हप्ता ५७० पौंड होतो, जो तिकडच्या पदवीधराच्या पगारातून ओढूनताणून का होईना निघतो. पण १ जानेवारी २०२७ नंतर अर्ज करणाऱ्यांना शिक्षणोत्तर ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचाच मिळणार आहे, आणि तुमची मुलगी त्यात येते. त्यापुढे राहायचं तर प्रायोजक कंपनी आणि ठरावीक किमान पगार लागतो. म्हणून कर्ज किती झेपेल याचं उत्तर पौंडातल्या पगारावर ठरवू नका. ती परत आली आणि इथे पन्नास हजारांवर लागली तर दहा वर्षांचा हप्ता तिच्या पगारापेक्षा मोठा आहे. तो फरक तुमच्या उत्पन्नातून किती वर्षं भरता येईल हे आत्ता कागदावर मांडा. ते जमत नसेल तर फी कमी असलेलं विद्यापीठ किंवा एक वर्ष नोकरी करून मग जाणं हे पर्याय आत्ता खुले आहेत, गहाणानंतर नाहीत.

तुम्हाला जमत असेल तर कोर्स चालू असतानाच दरमहा व्याज भरत जा. पूर्ण रक्कम उचलल्यावर ते महिन्याला छत्तीस हजारांच्या आसपास असेल, त्याआधी कमी. असं केल्यास सात लाख मुद्दलात चढत नाहीत, दहा वर्षांचा हप्ता साडेएकोणसाठ हजारांवर येतो आणि काही बँका व्याजदरात एक टक्का सवलतही देतात. ती सवलत मंजुरीपत्रात लिहून घ्या, नंतर तोंडी सांगून मिळत नाही. शिक्षण कर्जाच्या व्याजावरची आयकर वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे, तेव्हा ती धरून हिशेब करण्याआधी तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात ते पाहा.

विनातारण कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्थांचे फोन तुम्हाला एव्हाना येऊ लागले असतील. वारस नोंद वेळेत झाली नाही तर तो मार्ग लागेल, पण त्यांचा दर बँकेच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त असतो, प्रक्रिया शुल्क टक्केवारीत असतं आणि ते परत मिळत नाही. विचारपूस करून ठेवा, शुल्क भरू नका. जूनच्या मध्यापर्यंत मिळकत पत्रिकेवर तुमची आणि बहिणींची नावं आली नसतील, तर मला पुन्हा लिहा. सोबत वकिलाच्या अहवालाची प्रत पाठवा, म्हणजे घर सोडून दुसरं काय देता येईल ते पाहता येईल.